शेअर विकले, पैसे आले नाहीत आणि खात्यात भलतेच सौदे: ब्रोकरविरुद्ध तक्रार नेमकी कशी करायची

शेअर विकले की मोबाइलवर एनएसई किंवा बीएसईचा मेसेज येतो. पैसे मात्र बँकेत दिसत नाहीत. ब्रोकरच्या कार्यालयात फोन केला की "येतील हो उद्या" असं उत्तर मिळतं. दोन दिवसांनी आणखी मेसेज येतात, आणि ते कधी न सांगितलेल्या सौद्यांचे असतात. बऱ्याच जणांना या दोन वेगळ्या अडचणी वाटतात. एकीसाठी ते फोन करत राहतात, दुसरी नीट समजतच नाही म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: पैसे खात्यात अडकून पडले म्हणून त्यांच्यावर सौदे करता आले. त्यामुळे तक्रारही दोन्हींची एकत्र करायची असते, फक्त रकमा वेगळ्या मांडून. रकमा वेगळ्या मांडण्याला इतकं महत्त्व का, ते पुढे उदाहरणात दिसेल.

## पैसे मधल्या मध्ये कुठे थांबतात?

भारतात शेअर विकल्यावर व्यवहार दुसऱ्या कामाच्या दिवशी पुरा होतो. जानेवारी 2023 च्या अखेरीपासून सगळ्याच शेअरना हा नियम लागू आहे. सोमवारी विकलेल्या शेअरचे पैसे मंगळवारी ब्रोकरकडे पोहोचतात. याला पे-आउट म्हणतात. ते पैसे तुमच्या बँकेत थेट येत नाहीत, आधी ब्रोकरच्या वहीत तुमच्या नावावर जमा होतात. या वहीला लेजर म्हणतात.

कांदा विकून दिलेल्या अडत्यासारखं हे आहे. माल तुमचा, गिऱ्हाईक दुसरं, पण रक्कम अडत्याच्या हातातून येते. तुम्ही त्याला "पैसे तुझ्याकडेच राहू दे, पुढच्या खेपेला लागतील" असं सांगून ठेवलं असेल, तर त्याने ती ठेवण्यात गैर काही नाही. पण मागितल्यावर द्यायलाच हवी, आणि तुमच्या रकमेतून तुमच्या नावावर सोयाबीन विकत घेऊन ठेवण्याचा त्याला काहीही अधिकार नाही.

"तुझ्याकडेच राहू दे" या परवानगीला शेअर बाजारात रनिंग अकाउंट म्हणतात. खातं उघडताना ज्या ढीगभर कागदांवर आपण सह्या करतो, त्यात हा कागद असतोच. ती सही केली नसेल, तर पे-आउट मिळाल्यापासून एका कामाच्या दिवसात पैसे तुमच्या बँकेत यायला हवेत. केली असेल, तर ब्रोकर शिल्लक ठेवू शकतो, पण तुम्ही निवडलेल्या मुदतीप्रमाणे दर महिन्याला किंवा दर तिमाहीला, ठरलेल्या पहिल्या शुक्रवारी किंवा शनिवारी, त्याला ती परत करावीच लागते.

इथेच मोठा गैरसमज होतो. "तुम्ही तिमाही निवडली आहे, आता ऑक्टोबरमध्येच मिळतील" असं काही कार्यालयांत सरळ सांगतात. ते चुकीचं आहे. मुदत ही न मागता परत करण्याची आहे. तुम्ही मागितले, तर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने 3 डिसेंबर 2009 च्या परिपत्रकात घालून दिलेला हिशोब साधा आहे: पैसे ब्रोकरकडे असतील तर एका कामाच्या दिवसात, क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे म्हणजे बाजाराच्या हिशोबघरात असतील तर तीन कामाच्या दिवसांत. हल्ली ब्रोकरना ग्राहकांचे पैसे रोज हिशोबघराकडे पाठवावे लागतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या दिवसाच्या उशिराला हे कारण देता येतं. आठवड्याच्या उशिराला देता येत नाही.

उशिराची खरी कारणंही असतात. मध्ये बँकेची सुट्टी आली असेल, तुमच्याकडे ब्रोकरची काही बाकी असेल, किंवा तुम्ही स्वतः घेतलेल्या एखाद्या पोझिशनसाठी, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यासाठी, मार्जिन म्हणजे अनामत अडकली असेल. यातलं काही असेल तर ते लेजरमध्ये नोंद म्हणून दिसतं. म्हणून पहिली मागणी लेजरचीच करायची. "सिस्टीम डाऊन आहे" ही लेजरमधली नोंद नव्हे.

## एक प्रसंग, आकड्यांसह

उदाहरणासाठी साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका धरू. व्यक्ती काल्पनिक आहे आणि आकडे सोपे केले आहेत, पण घटनांचा क्रम नेहमीचाच आहे. त्यांचं खातं एका मोठ्या ब्रोकरकडे आहे, ते गावातल्या ऑथराइज्ड पर्सनमार्फत, म्हणजे ब्रोकरच्या स्थानिक प्रतिनिधीमार्फत उघडलेलं. पूर्वी ज्याला सब-ब्रोकर म्हणत, त्याच्याच जागी आता हा आला. त्याच्या कार्यालयात ग्राहकांच्या ऑर्डर टाकणारा एक डीलर मुलगा बसतो.

सोमवार, 7 जुलै 2025 ला बाईंनी 400 शेअर 1,200 रुपयांनी विकले. कर आणि दलाली वजा जाता मंगळवारी लेजरला 4,78,000 जमा झाले. मुलीच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा म्हणून त्यांनी मंगळवारी संध्याकाळीच अॅपमधून पूर्ण रक्कम मागितली. बुधवारी काही आलं नाही. फोन केला तर डीलर म्हणाला, "काकू, बँकेकडून अडकलंय, शुक्रवारपर्यंत येतील." गुरुवारी आणि शुक्रवारी निफ्टीच्या ऑप्शनचे, म्हणजे निर्देशांकाच्या चढ-उतारावर लावलेल्या सौद्यांचे मेसेज एकामागून एक आले. बाईंना वाटलं कंपनीची जाहिरात आहे. शनिवारी लेजर उतरवून घेतलं तेव्हा कळलं: ऑप्शनमध्ये 1,12,000 चा तोटा, वर दलाली आणि कर मिळून 9,000. शिल्लक उरली 3,57,000. पैसे काढण्याची विनंती "रद्द" दिसत होती, आणि ती रद्द बाईंनी केली नव्हती.

हे कोणी का करेल? ऑथराइज्ड पर्सनला दलालीत वाटा असतो. विकून मोकळं पडलेलं खातं त्याला काही मिळवून देत नाही, ऑप्शनमध्ये फिरणारं खातं रोज देतं. ग्राहकाचा तोटा झाला तरी दलाली जमा होतेच. महिनाअखेरचं टार्गेट डोक्यावर असलेल्या डीलरसमोर पावणेपाच लाखांची शिल्लक आली, की पैसे "अडकतात".

## सिद्ध कोणी करायचं?

या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. सेबीच्या 22 मार्च 2018 च्या परिपत्रकानुसार ब्रोकरने ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा हातात असल्याशिवाय सौदा करायचाच नाही. हा पुरावा म्हणजे ग्राहकाच्या सहीची लेखी नोंद, फोनचं रेकॉर्डिंग, नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला मेल, एसएमएस, इंटरनेटवरून केलेल्या व्यवहाराचा लॉग किंवा कायद्याने पडताळता येईल अशी दुसरी नोंद. वाद झाला तर ही नोंद दाखवण्याची जबाबदारी ब्रोकरवर आहे.

म्हणजे "मी सांगितलं नव्हतं" हे बाईंनी सिद्ध करायचं नाही. "तुम्ही सांगितलं होतं" हे ब्रोकरने दाखवायचं आहे. तक्रारीत रागाने पानं भरण्यापेक्षा ही एक मागणी नीट लिहिली तर तिचं वजन जास्त पडतं.

पण त्याच परिपत्रकात एक खिडकी ठेवलेली आहे. तांत्रिक बिघाडासारख्या अपवादात्मक कारणाने ब्रोकरला नोंद दाखवता आली नाही, तर कारण तपासून इतर पुरावाही पाहता येतो: सौद्यानंतर ग्राहकाने दिलेला होकार, किंवा त्या सौद्यापोटी ग्राहकाने दिलेले वा घेतलेले पैसे. माझ्या मते चांगल्या तक्रारी बुडतात त्या इथेच. सौदे दिसल्यावर डीलर गयावया करतो, "काकू, 20,000 भरा, मी पुढच्या आठवड्यात सगळं भरून काढतो." ते 20,000 भरले, की सौदा मान्य होता असं म्हणायला ब्रोकरला जागा मिळते. व्हॉट्सअॅपवर नुसतं "ओके, बघ काय ते" लिहिणंही तसंच. "वरील सौदे माझ्या संमतीने झाले" असा मजकूर असलेल्या कागदावर सही मागितली जाते, ती तर अजिबात करू नये.

## पहिला ईमेल

फोन बंद करायचा आणि लिहायचं. ईमेल खात्याशी नोंदवलेल्या पत्त्यावरूनच जायला हवा, डीलरला नव्हे तर ब्रोकरच्या मुख्य कार्यालयाच्या तक्रार विभागाला आणि नियमपालन पाहणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसरला. हे पत्ते ब्रोकरच्या संकेतस्थळावर आणि काँट्रॅक्ट नोटवर असतात. काँट्रॅक्ट नोट म्हणजे सौद्यानंतर 24 तासांत मिळणारं बिल. तिच्यात प्रत्येक सौद्याचा ऑर्डर क्रमांक आणि वेळ असते, आणि तक्रार या क्रमांकांवरच उभी राहते.

बाईंचा ईमेल असा होऊ शकतो:

> माझा क्लायंट कोड अमुक. दि. 8 जुलै 2025 रोजी मी 4,78,000 रुपये काढण्याची विनंती केली होती. ती मी रद्द केलेली नाही. माझी रनिंग अकाउंटची परवानगी मी आजपासून मागे घेत आहे.
>
> दि. 10 व 11 जुलै रोजीचे सोबतच्या यादीतील सौदे माझ्या सूचनेवरून झालेले नाहीत. ते मला मान्य नाहीत आणि त्यापोटी मी कोणतीही रक्कम देणार नाही. प्रत्येक ऑर्डर क्रमांकासमोर माझ्या सूचनेचा पुरावा (रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस अथवा आयपी पत्त्यासह लॉग) द्यावा आणि वाद मिटेपर्यंत तो जतन करावा.
>
> लेजरमधील 3,57,000 रुपयांबद्दल वाद नाही. ते तातडीने माझ्या बँक खात्यात पाठवावेत. उरलेल्या 1,21,000 रुपयांची आणि विलंबाच्या व्याजाची माझी मागणी कायम आहे. एखादी पोझिशन अजून खुली असल्यास आपल्या जबाबदारीवर लगेच बंद करावी. ती बंद होणे म्हणजे माझी मान्यता समजू नये.

शेवटच्या परिच्छेदासाठीच रकमा वेगळ्या करायच्या. सगळं 4,78,000 एकत्र मागितलं, तर "प्रकरण वादात आहे" म्हणून सगळंच अडवून ठेवता येतं. वेगळं केलं की 3,57,000 थांबवायला कारण उरत नाही, आणि ते थांबवले तर तोच उशिराचा स्वच्छ पुरावा होतो. ही रक्कम देताना ब्रोकर "पूर्ण व अंतिम समझोता" असं लिहिलेलं पत्र पुढे करू शकतो. सही करायचीच झाली तर "फक्त वाद नसलेल्या रकमेपोटी मिळाले" असं लिहून करावी.

ईमेलसोबत लेजर, काँट्रॅक्ट नोट, पैसे काढण्याच्या विनंतीचा स्क्रीनशॉट आणि एक्स्चेंजचे मेसेज जोडावेत. अॅपचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. खात्यावर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल आपलाच आहे का, तेही पाहावं. काही प्रकरणांत तिथे कार्यालयाचाच नंबर घातलेला असतो, म्हणून मेसेज कधी येतच नाहीत. तसं निघालं तर खातं उघडतानाच्या फॉर्मची प्रत मागावी.

## उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं तर?

पुढे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे. सेबीच्या scores.sebi.gov.in वर तक्रार नोंदवली की ब्रोकरला 21 दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावा लागतो. तो पटला नाही तर 15 दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते, आणि त्यानेही समाधान झालं नाही तर पुन्हा एकदा, तेव्हा सेबी स्वतः पाहते. पैसे अडकवल्याच्या तक्रारीला हा दरवाजा चांगला चालतो, कारण तिथे लेजरच बोलतं. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं.

न सांगितलेल्या सौद्यांत दोन्ही बाजू वेगळं सांगतात, आणि कोण खरं हे ठरवून रक्कम मंजूर करण्याचं काम तिथे होत नाही. त्यासाठी smartodr.in हा 2023 मध्ये सुरू झालेला ऑनलाइन तंटा निवारणाचा मार्ग आहे. आधी एका तटस्थ मध्यस्थासमोर समेटाचा प्रयत्न होतो. त्याला साधारण 21 दिवस दिलेले असतात, दोन्ही बाजूंच्या संमतीने थोडे वाढतात, आणि गुंतवणूकदाराला त्याची फी नाही. समेट झाला नाही तर फी भरून लवादाकडे जाता येतं. लवादाचा निवाडा दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो. त्याला आव्हान द्यायचं तर न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे सगळा वाद पहिल्यापासून पुन्हा चालत नाही.

## "तुम्हाला मेसेज येत होते, मग गप्प का बसलात?"

ब्रोकरच्या बाजूने येणारा हा सर्वात जड प्रश्न आहे. बाईंच्या प्रसंगात दोन दिवसांचे सौदे होते आणि शनिवारी तक्रार गेली, त्यामुळे उत्तर सोपं आहे. पण सहा महिने रोज मेसेज येत राहिले, काँट्रॅक्ट नोट येत राहिल्या, मधल्या काळात नफ्याचे 40,000 बँकेत घेतले आणि तोटा झाल्यावरच तक्रार केली, तर प्रकरण बरंच कमजोर होतं. पुराव्याची जबाबदारी तरीही ब्रोकरवरच राहते, पण समोरचा मध्यस्थ तुमच्या गप्प बसण्याकडे आणि घेतलेल्या नफ्याकडे पाहणारच. अशा वेळी सुरुवातीच्या सौद्यांवर भांडण्यापेक्षा, पहिल्यांदा लेखी हरकत घेतली त्यानंतरच्या सौद्यांवर जोर दिलेला बरा.

म्हणूनच एक्स्चेंजकडून येणारा तो दुसरा मेसेज वाचायला हवा, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात: "तुमच्या ब्रोकरने अमुक तारखेला तुमची निधी शिल्लक इतकी आणि शेअर शिल्लक इतकी कळवली आहे." ब्रोकरने बाजाराला सांगितलेला हा आकडा आहे. तो लेजरशी जुळला नाही तर तोच तक्रारीचा पहिला कागद. मेसेज खरा आहे का असा संशय असेल, तर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर सौदा पडताळून पाहता येतो.

## "तुम्हीच मुखत्यारपत्र दिलं होतं, ऑप्शनही तुम्हीच सुरू केले"

ब्रोकरला पूर्वी मुखत्यारपत्र देत, आता त्याऐवजी डीडीपीआय नावाचा कागद देतात. त्याचा मुख्य उपयोग तुम्ही विकलेले शेअर डीमॅटमधून पोहोचते करण्यासाठी आणि मार्जिनसाठी तारण ठेवण्यासाठी. तुमच्या वतीने काय घ्यायचं आणि काय विकायचं हे ठरवण्याची परवानगी त्यात नसते. ऑप्शनचा विभाग चालू असणं म्हणजे दार उघडं असणं एवढंच. प्रत्येक ऑर्डर तुमची असल्याचं त्यावरून ठरत नाही.

"तूच बघ रे, मला काही कळत नाही" असं तुम्ही डीलरला कधी म्हणाला असाल, तरी ग्राहकाच्या वतीने स्वतःच्या मर्जीने सौदे करण्याची ब्रोकरला मुभा नाही. त्यासाठी पोर्टफोलिओ मॅनेजरची वेगळी नोंदणी लागते. मात्र असं रेकॉर्डिंग निघालं तर तुमची बाजू गुंतागुंतीची होते, हे खरं आहे. आणि "महिन्याला इतके टक्के देतो" असं लेखी कबूल करून सौदे केले असतील, तर तो कागद लपवू नका, तक्रारीसोबत द्या. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देणं ब्रोकरला आणि त्याच्या माणसाला दोघांनाही मनाई आहे.

## "तो मुलगा नोकरी सोडून गेला, आमचा संबंध नाही"

आहे. ऑथराइज्ड पर्सन आणि त्याचे कर्मचारी जे करतात त्याची जबाबदारी ब्रोकरवर असते. म्हणून तक्रारीत नाव ब्रोकर कंपनीचं घालायचं, डीलरचं फक्त घटना सांगताना यावं. अपवाद एकच: ब्रोकरच्या खात्यात न जाता पैसे त्या मुलाच्या किंवा त्याच्या बायकोच्या वैयक्तिक खात्यात तुम्ही पाठवले असतील, तर ते ब्रोकरकडून मिळवणं फार अवघड जातं, आणि तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रार लगेच करावी.

## "लॉग तर तुमच्याच पासवर्डचा आहे"

सर्वात जास्त मेहनत या उत्तरावर घ्यावी लागते. बऱ्याच छोट्या कार्यालयांत डीलरच ग्राहकाच्या मोबाइलवर अॅप बसवून देतो, पासवर्डही तोच ठरवतो. ओटीपी आला की फोन येतो, "काकू, नंबर सांगा जरा." मग ब्रोकर तुमच्या लॉगिनचा लॉग पुढे ठेवतो, आणि नियमाच्या दृष्टीने तो पुरावा आहे.

तरी लॉग नीट वाचता येतो. त्यात आयपी पत्ता, वेळ आणि बहुधा उपकरणाची माहिती असते. बाईंच्या बाबतीत सकाळी 10 वाजून 42 मिनिटांच्या ऑर्डर त्या बँकेत पेन्शनच्या कामासाठी बसलेल्या असताना निघाल्या, आणि त्याच आयपी पत्त्यावरून कार्यालयातल्या इतर ग्राहकांच्याही ऑर्डर निघाल्या असतील, तर लॉगिन कोणी केलं हे उघड होतं. इतर ग्राहकांची नोंद बाईंना मिळणार नाही, पण "हा आयपी पत्ता ऑथराइज्ड पर्सनच्या कार्यालयाचा आहे का, ते ब्रोकरने लेखी सांगावं" अशी मागणी त्या मध्यस्थासमोर करू शकतात. ओटीपी आपण सांगितला असेल तर तेही तिथे खरं सांगावं, कशासाठी मागितला होता त्यासह. "पैसे काढण्यासाठी लागतो" म्हणून मागितलेल्या ओटीपीवर ऑप्शनची ऑर्डर निघाली असेल, तर त्या कॉलची वेळ बाईंच्या फोनमध्ये आहे आणि ऑर्डरची वेळ काँट्रॅक्ट नोटवर. दोन्ही शेजारी ठेवून द्याव्यात.